पन्नास शब्दांचा परिचय: लांबलचक बायोडाटा छाटताना मुख्य ओळख कशी जपायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांच्या परिचयाला पन्नास शब्दांची जागा असते आणि पाहुण्यांकडून दोन पानांचा बायोडाटा येतो. मराठवाड्यातले शेतकरी मेळावे, परिसंवाद आणि महाविद्यालयांचे कार्यक्रम यांच्यासाठी परिचय लिहिताना संयोजक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. बराचसा भाग एकाच उदाहरणावर खर्च केला आहे. छाटणी नेमकी कुठे चुकते हे एक परिचय शेवटपर्यंत नेल्याशिवाय दिसत नाही.

पन्नास शब्द मोजायचे कसे? 'डॉ.' हा शब्द धरायचा का?

हो, धरायचा. वर्ड किंवा गूगल डॉक्स दोन मोकळ्या जागांमधलं जे काही असेल ते एक शब्द मानतात, आणि छापणाराही तोच आकडा पाहतो. त्यामुळे 'डॉ.' एक शब्द, 'एम.एस्सी.' एक शब्द आणि '1998 ते 2016' हे तीन शब्द. '1998-2016' असं जोडून लिहिलं तर एकच. पण मधल्या आडव्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली, तर वर्ड त्या रेघेलाही शब्द धरतं आणि पुन्हा तीन होतात.

मराठीत लिहिणाऱ्याला एक सोय आहे. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला जोडूनच लिहायची असतात. 'विद्यापीठामधून', 'शेतकऱ्यांसाठी', 'पाणीपातळीविषयी' हा प्रत्येकी एकच शब्द. पुष्कळ जण 'शेतकऱ्यां साठी' असं तोडून लिहितात. ते अशुद्ध आहे, शिवाय फुकटचा एक शब्द जातो. आलेला बायोडाटा आधी शुद्ध करून घेतला तरी चार-पाच शब्द सहज हाती लागतात. उलट, शब्द वाचवायला चार-चार शब्द रेघांनी जोडू नका. वाचणाऱ्याची दमछाक होते.

सगळंच महत्त्वाचं आहे. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं कोणतं हे कसं ठरवायचं?

बायोडाटा वाचून ते ठरत नाही. समोर कोण बसणार आहे आणि पाहुणे कशावर बोलणार आहेत, यावरून ठरतं. श्रोत्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: या विषयावर आम्ही यांचं का ऐकावं? त्याचं थेट उत्तर देणारी बायोडाट्यातली बाब ही त्या दिवसापुरती मुख्य ओळख. ती सर्वांत मोठं पद असेलच असं नाही, आणि सर्वांत मोठी पदवी तर बहुतेक वेळा नसतेच.

म्हणून बायोडाटा उघडण्याआधी कोऱ्या कागदावर हा प्रश्न त्या कार्यक्रमाचं नाव घालून लिहा. 'आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी विहीर आणि बोअरबद्दल या बाईंचं का ऐकावं?' असा. मग बायोडाटा वाचा आणि उत्तर सापडेल त्या ओळीखाली रेघ मारा. अनुभव असा आहे की ही ओळ शेवटच्या तिसऱ्या हिश्शात, 'तसेच' किंवा 'याशिवाय'च्या मागे दडलेली असते. माणसं आपलं रोजचं काम मोठं मानत नाहीत, आणि पदवी, पद, पुरस्कार असा क्रम शाळेपासून डोक्यात बसलेला असतो.

एखादा परिचय प्रत्यक्ष छाटून दाखवाल का?

पुढचं उदाहरण रचलेलं आहे. व्यक्ती खरी नाही, पण असे परिचय रोज येतात. कार्यक्रम बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, विषय 'विहीर, बोअर आणि पुनर्भरण', श्रोते शेतकरी. पाहुण्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेल्या वरिष्ठ भूवैज्ञानिक. त्यांच्याकडून आलेला परिचय असा:

> मराठवाड्याच्या दुष्काळी मातीत जन्मलेल्या व बालपणापासूनच अभ्यासू वृत्ती लाभलेल्या डॉ. नाव आडनाव यांचे प्राथमिक शिक्षण गावातील जिल्हा परिषद शाळेत, तर उच्च शिक्षण मराठवाडा विद्यापीठात झाले. भूशास्त्र विषयात एम.एस्सी. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यानंतर त्यांनी पीएच.डी. संपादन केली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत कनिष्ठ भूवैज्ञानिक म्हणून त्या रुजू झाल्या व वरिष्ठ भूवैज्ञानिक या पदावरून सेवानिवृत्त झाल्या. सेवाकाळात त्यांनी विविध जबाबदाऱ्या यशस्वीपणे पार पाडल्या. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये त्यांनी शोधनिबंध सादर केले आहेत. आकाशवाणीवरून त्यांची अनेक भाषणे प्रसारित झाली आहेत. विविध समित्यांवर त्यांनी सदस्य म्हणून काम पाहिले आहे. तसेच बीड जिल्ह्यात निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी घेण्याचे कामही त्यांनी केले. अनेक मान्यवर संस्थांच्या पुरस्कारांनी त्या सन्मानित आहेत. निवृत्तीनंतर त्या शेतकऱ्यांना विहीर पुनर्भरणाबाबत मार्गदर्शन करतात. वाचन, प्रवास व समाजसेवा हे त्यांचे छंद आहेत.

घाईत असलेला संयोजक याचं काय करतो? प्रत्येक वाक्य थोडं थोडं आखूड करतो. ते असं दिसतं:

> डॉ. नाव आडनाव यांनी भूशास्त्रात एम.एस्सी. व पीएच.डी. केली असून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून त्या वरिष्ठ भूवैज्ञानिक म्हणून निवृत्त झाल्या. त्यांनी शोधनिबंध विविध परिषदांत सादर केले आहेत. पाणीपातळीच्या नोंदींचा त्यांना दीर्घ अनुभव आहे. आकाशवाणीवर भाषणे, विविध समित्यांवर काम तसेच अनेक पुरस्कार त्यांच्या नावावर आहेत.

शब्द पंचेचाळीसच आहेत, वाक्यंही नीट आहेत, आणि तरी परिचय वाया गेला. 'पाणीपातळीच्या नोंदींचा दीर्घ अनुभव' या चार शब्दांच्या मागे काय आहे ते कुणालाच कळत नाही. सगळं सारखं कापलं की कणखर बाब आणि पोकळ बाब एकाच उंचीवर येतात. मुख्य ओळख गळत नाही, पण तिचं वजन जातं. छाटणीतला सर्वांत मोठा तोटा हाच, आणि तो लवकर लक्षात येत नाही कारण ओळख कागदावर दिसत तर असते.

आता दुसरी वाट. आष्टीच्या शेतकऱ्याला हवं असलेलं उत्तर 'तसेच'ने सुरू होणाऱ्या वाक्यात आहे. भूजल यंत्रणा निवडक विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पावसाळा संपल्यावर किती पाणी मुरलं आणि उन्हाळ्याच्या तोंडी किती उरलं, हे त्यातून समजतं. हे काम या बाईंनी याच भागात केलं असेल, तर इथल्या जमिनीखालचं पाणी त्यांनी ऋतूमागून ऋतू पाहिलंय. पण बायोडाट्यात ना तालुका आहे, ना वर्षं. म्हणून फोन करायचा.

"मॅडम, निरीक्षण विहिरींचं काम कोणत्या तालुक्यांत होतं?"

"आष्टी आणि पाटोदा. दोन वेळा बीडला नेमणूक होती, मिळून अकरा वर्षं."

"मोजणी तुम्ही स्वतः करायचात, की माणसं पाठवायचात?"

"स्वतःच जायचे. काठावर ठरलेल्या खुणेपासून टेप सोडायचा आणि पाणी लागेपर्यंतची खोली लिहायची. दुष्काळातल्या मे महिन्यात कैक विहिरींत टेप थेट तळाला टेकायचा. काही मात्र आटत नसत. त्या का टिकल्या, हे बघण्यात माझा जीव गुंतला होता."

दोन मिनिटांच्या या बोलण्यात मूळ परिचयात नसलेल्या चार गोष्टी हाती आल्या: दोन तालुके, अकरा वर्षं, 'स्वतः', आणि आटलेल्या-टिकलेल्या विहिरींचं निरीक्षण. पन्नास शब्दांचा चांगला परिचय लिहिताना पुष्कळदा असं होतं की काढायच्या आधी काहीतरी विचारून भर घालावी लागते. मुख्य ओळखीला किती काळ, कुठे आणि नेमकं काय केलं या तीन गोष्टी चिकटलेल्या हव्यात.

> डॉ. नाव आडनाव यांनी आष्टी व पाटोदा तालुक्यांतील निरीक्षण विहिरींची पाणीपातळी 11 वर्षे, वर्षातून चारदा, स्वतः मोजली. दुष्काळी वर्षांत कोणत्या विहिरी आटल्या आणि कोणत्या टिकल्या, हे त्यांनी जागेवर पाहिले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून त्या वरिष्ठ भूवैज्ञानिक म्हणून निवृत्त झाल्या. भूशास्त्रात त्यांनी पीएच.डी. केली. सध्या शेतकऱ्यांना विहिरींच्या पुनर्भरणाविषयी मार्गदर्शन करतात.

मोजून पन्नास. यातले एकोणतीस शब्द, म्हणजे निम्म्याहून जास्त, एकट्या मुख्य ओळखीला दिले आहेत. पद, पदवी आणि सध्याचं काम यांना मिळून एकवीस. शाळा, प्रथम श्रेणी, परिषदा, समित्या, आकाशवाणी, पुरस्कार आणि छंद पूर्ण गेले. अर्धवट कुणालाच ठेवलं नाही. एखादी बाब ठेवायची तर तिला बोलता येईल एवढी जागा द्यावी, नाहीतर ती गाळावी.

मग पीएच.डी.सुद्धा काढून टाकायची का?

वरच्या उदाहरणात ती चार शब्दांत ठेवली आहे. जागा आणखी कमी पडली, तर ते वाक्य सर्वांत आधी जाईल, कारण नावाआधीचं 'डॉ.' ते काम करतंच. मात्र भूवैज्ञानिकाच्या बाबतीत 'डॉ.' म्हणजे वैद्यकीय डॉक्टर असा समज होण्याचा संभव नाही. पाणी, आहार, विषबाधा अशा विषयांवर कृषी किंवा रसायनशास्त्रातले डॉक्टर बोलणार असतील तर तो समज होतो. तिथे पीएच.डी.चा विषय लिहिणं गरजेचं आहे, त्यासाठी दुसरं काही कापावं लागलं तरी चालेल.

हाच परिचय छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या संशोधन पद्धतीवरच्या कार्यशाळेसाठी हवा असेल, तर क्रम फिरेल. तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा असतो. पीएच.डी.चा विषय पहिल्या वाक्यात येईल आणि विहिरींची अकरा वर्षं 'त्यासाठी आकडेवारी कशी जमवली' या अंगाने दुसऱ्यात. एकच पन्नास शब्द सगळीकडे पाठवणाऱ्या पाहुण्यांना ही फेरफार सुचवावी. बहुतेक जण आनंदाने तयार होतात.

विद्यापीठांची आणि कार्यालयांची नावं फार लांब आहेत. लघुरूप चालेल का?

'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड' सहा शब्द. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर' सात शब्द. दोन विद्यापीठं लिहिली की पाव परिचय संपला.

माझं मत स्पष्ट आहे: नाव तोडू नका, लागत नसेल तर नाव पूर्ण वगळा. 'पीएच.डी. (भूशास्त्र)' एवढं पुरे असेल, तर विद्यापीठाचा उल्लेखच नको. पण उल्लेख करणार असाल आणि पदवी नामविस्तारानंतरची असेल, तर तीन शब्द वाचवण्यासाठी बाबासाहेबांचं नाव गाळणं योग्य नाही. 14 जानेवारी 1994 च्या त्या नामविस्तारासाठी मराठवाड्याने किती वर्षं काय सोसलंय हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याआधीच्या पदवीवर 'मराठवाडा विद्यापीठ' असंच छापलेलं असतं. ते तसं लिहिलं तर चूक नाही, पण संदर्भ कळावा म्हणून सोबत वर्ष द्यावं.

कृषी विद्यापीठाचं पूर्ण नाव 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी' असं आहे, आणि बोलताना सगळे 'परभणी कृषी विद्यापीठ' म्हणतात. माइकवरून बोलायला ते ठीक आहे. छापताना मात्र पूर्ण नाव द्या.

इंग्रजी आद्याक्षरांचं लघुरूप शेतकरी मेळाव्यात नकोच. 'जीएसडीए' म्हटलं की सरकारी माणसं मान डोलावतात आणि बाकीचा मंडप गप्प राहतो. 'भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा' हे पाच शब्द काम काय आहे तेही सांगतात, म्हणून ते वरच्या परिचयात पूर्ण ठेवले.

जुन्या नेमणुकीच्या जिल्ह्याचं नाव आता बदललंय. काय लिहायचं?

आजचं नाव लिहा: धाराशिव, छत्रपती संभाजीनगर. 'तत्कालीन उस्मानाबाद' लिहिण्यात एक शब्द जातो आणि श्रोत्याला त्यातून काही मिळत नाही. अडचण येते ती जिल्हे फुटले तिथे. 1999 साली हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, 1982 साली लातूर उस्मानाबादेतून. त्याआधी तिथे काम केलेल्या माणसाच्या परिचयात जिल्ह्याऐवजी तालुका लिहिला की प्रश्न मिटतो. 'कळमनुरी तालुक्यात' म्हटलं की जिल्हा कोणताही असो, माणसाला जागा कळते.

पुरस्कारांचं काय? ते काढले तर पाहुणे नाराज होतील.

'अनेक पुरस्कारांनी सन्मानित' हे काढाच. हे तीन शब्द जवळजवळ प्रत्येक परिचयात असतात, त्यामुळे ते वाचूनही कुणी वाचत नाही. एखादा पुरस्कार ठेवायचा असेल तर एकच ठेवा, देणाऱ्या संस्थेच्या नावासह आणि वर्षासह. आणि तोही आजच्या विषयाशी संबंधित असेल तरच. पाण्यावर बोलणाऱ्या बाईंना वक्तृत्वाचा पुरस्कार मिळाला असेल, तर तो सूत्रसंचालक बोलण्याच्या ओघात सांगू शकतो.

'मराठवाड्यातील पहिल्या' किंवा 'राज्यातील एकमेव' असे दावे आले, तर कागद मागा. कागद मिळाला तर ते वाक्य सोन्यासारखं आहे, पहिल्या ओळीत घाला. मिळाला नाही तर गाळा. समोरच्या गर्दीत जुना सहकारी बसलेला असतो आणि तो जागेवर उभा राहून दुरुस्ती करतो. मग चूक परिचय लिहिणाऱ्याची असली तरी मान खाली जाते पाहुण्यांची.

ज्येष्ठ सरांचा परिचय मी कसा छाटू? ते दुखावणार नाहीत का?

न विचारता छाटला तर दुखावतील, आणि त्यात त्यांचं चुकणार नाही. आयुष्यभराचं काम दोन पानांत बसवताना त्यांनी आधीच पुष्कळ सोडलेलं असतं.

छाटलेला मजकूर त्यांना कार्यक्रमाच्या निदान तीन-चार दिवस आधी पाठवा, छपाईला देण्यापूर्वी. सोबत एवढंच लिहा: "सर, पत्रिकेत पन्नास शब्दांचीच जागा आहे. आपलं या भागातलं काम लोकांना आधी कळावं म्हणून ते पहिल्या ओळीत घेतलंय. काही चुकलं असेल तर कृपया सांगावं." गाळलेल्या गोष्टींची यादी देत बसू नका. आघाडीवर काय ठेवलं आणि का, ते सांगा. सरांनी एखादी गोष्ट घालायचा आग्रह धरलाच, तर "त्यासाठी यातलं काय काढू, सर?" असं नम्रपणे विचारा. मजकूर समोर असला की बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात, "राहू दे, आहे ते बरं आहे."

पूर्ण बायोडाटा सूत्रसंचालकाकडे द्यायला विसरू नका. सत्काराच्या वेळी दोन जास्तीची वाक्यं बोलता येतात आणि पाहुण्यांनाही आपलं काम वाचलं गेल्याचं समाधान मिळतं.

मुख्य ओळख टिकली की नाही, हे तपासायचं कसं?

पाहुण्यांना न ओळखणाऱ्या माणसाला परिचय एकदा वाचून दाखवा आणि कागद उलटा ठेवा. मग विचारा, "यांना कशासाठी बोलावलंय?" 'विहिरी मोजणाऱ्या बाई आहेत, आपल्याच भागातल्या' असं उत्तर आलं तर काम झालं. 'कुणीतरी मोठ्या अधिकारी होत्या' असं आलं तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा. हे घरच्या माणसावर किंवा डीटीपी करणाऱ्यावर तपासता येतं. समितीतल्या सदस्यावर नको, त्याला आधीच सगळं ठाऊक असतं.

दुसरी तपासणी कापून करायची. परिचयातलं फक्त पहिलं वाक्य ठेवा आणि बाकी झाका. छापखान्यात जागा कमी पडली की शेवटची ओळ उडते, आणि माइकवरून वाचणारा घाईत असला की तो पहिल्या वाक्यावर थांबतो. त्या एका वाक्यानेही पाहुण्यांची ओळख पुरी व्हायला हवी. वरच्या उदाहरणात सतरा शब्दांचं पहिलं वाक्य एकटं उभं राहतं. 'मराठवाड्याच्या दुष्काळी मातीत जन्मलेल्या' हे उभं राहिलं नसतं, कारण त्या वाक्यात त्या मंडपातलं जवळजवळ प्रत्येक माणूस बसतं.

फोटोखालचं नाव, पद आणि मोबाइल नंबर पन्नास शब्दांत धरायचे का?

नाही. ते फोटोची ओळ म्हणून वेगळे छापतात. तिथे नाव आणि पद येणारच असेल, तर परिचयात पद पुन्हा लिहू नका. उदाहरणातल्या परिचयात त्याने अकरा शब्द मोकळे होतात, आणि ते विहिरींच्या वाक्यांना द्यावेत. नंबर छापण्याआधी पाहुण्यांना विचारून घ्या.